चार माणसं, सात बाय नऊचं स्वयंपाकघर: फ्रीज केवढा घ्यावा?

प्रश्न: घरात आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं. स्वयंपाकघर ७ बाय ९ फूट. ओटा संपतो तिथून उजवीकडच्या भिंतीपर्यंत २६ इंच जागा आहे, वर साडेपाच फुटांवर माळा. दुकानदार ३०० लिटरच्या पुढचेच फ्रीज दाखवतोय. सिंगल डोअर घेऊ की डबल, आणि किती लिटरचा?

उत्तर:

२४० ते २६० लिटरचा डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री. ३०० च्या पुढचा रुंदीला तुमच्या जागेत शिरेल, पण त्याचं दार पुरतं उघडणार नाही. कसं ते सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

आमचीही जागा अशीच होती, उजवीकडे भिंत. मी टेप घेऊन फक्त रुंदी मोजली, फ्रीज त्याहून इंचभर कमी रुंद आहे हे पाहिलं आणि घेऊन आलो. फ्रीज अगदी मापात बसला. संध्याकाळी बायकोने भाजी भरायला दार उघडलं तर ते भिंतीला टेकून काटकोनातच अडलं, आणि भाजीचा ट्रे दाराच्या आतल्या कप्प्यांवर आपटायला लागला. पुढची दोन वर्षं ट्रे तिरका करून त्यात हात घालून मेथी काढली.

आपल्याकडच्या बहुतेक फ्रीजच्या बिजागऱ्या उजवीकडे असतात. ट्रे पूर्ण बाहेर यायला दार काटकोनाच्या थोडं पुढे जावं लागतं, आणि तसं गेलं की त्याचा कोपरा फ्रीजच्या उजव्या बाजूच्या बाहेर येतो. म्हणून दुकानात असं करा: ट्रे जेमतेम मोकळा बाहेर येईल इतकंच दार उघडा, तिथेच धरून ठेवा, आणि दाराचा कोपरा फ्रीजच्या बाजूपासून किती बाहेर आला ते मोजा. तेवढी मोकळी जागा तुम्हाला भिंतीच्या बाजूला सोडायची आहे. विक्रेता विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

आता तुमचा हिशोब. २६ इंच म्हणजे ६६ सेंमी. २५० लिटरच्या आसपासचे डबल डोअर साधारण ५५-५६ सेंमी रुंद असतात, म्हणजे दहा सेंमी उरतात. सहा-सात भिंतीकडे द्या, बाकी ओट्याकडे. ३०० च्या पुढचे बरेचसे ६० सेंमीच्या आसपास जातात. मग दोन्हीकडे मिळून सहा सेंमी उरले, आणि तुमचा ट्रे आमच्यासारखा अडकला. उंचीचंही तेच. साडेपाच फूट म्हणजे १६७ सेंमी. २५० लिटरचा फ्रीज दीड मीटरच्या थोडा वर असतो, त्यामुळे माळ्याखाली हवा खेळायला जागा राहते. मोठा तिथे टेकेल, किंवा शिरणारच नाही. खाली स्टँड लावायचा विचार असेल तर त्याचीही उंची यात धरा.

बाजूची फट दारापुरतीच नाही लागत. जुन्या फ्रीजच्या पाठीला काळी जाळी दिसायची, हल्ली बऱ्याच मॉडेलमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. नव्या फ्रीजच्या कडा गरम लागतात म्हणून लोक घाबरून तक्रार करतात, पण ती आतून बाहेर टाकलेली उष्णता असते. तिला जायला वाट नसेल तर कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. पाठीमागे आणि वर किती मोकळं ठेवायचं हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळा. पाठीमागे पाच सेंमी सोडले तरी फ्रीज दोन फुटी ओट्याच्या चारेक इंच पुढे येईल. ते दिसायला खटकतं, पण तुमच्या खोलीत चालण्याची वाट त्याने अडत नाही. शेगडी मात्र ओट्याच्या त्याच टोकाला असेल तर आधी ती सरकवा.

२५० लिटर चौघांना पुरतात का? आठवड्याची भाजी, रोजचं दूध, दही, कणकेचा गोळा, भिजवलेली मटकी, रविवारचं इडलीचं पीठ एवढं असेल तर पुरतात. लिटरचा आकडा वाचताना एक बघा: २०२३ च्या आधी जाहिरातीत मोठा आकडा एकूण मापाचा असायचा, आणि सामान ठेवायची खरी जागा त्याहून कमी भरायची. स्टार लेबलवर ती दिलेली असते. त्याहून उपयोगी काम म्हणजे घरातलं सर्वात उंच दुधाचं पातेलं झाकणासकट मोजून जाणं. काचेचे शेल्फ वरखाली करून ते मावतं का आणि मावल्यावर वरच्या शेल्फचा उपयोग राहतो का, हे दुकानातच कळतं.

सिंगल डोअरला नावं ठेवू नका. जागा २२-२३ इंचच असती तर मी तुम्हाला २०० लिटरच्या आसपासचा सिंगल डोअरच सांगितला असता. तो वीज कमी खातो, कारण त्यात बर्फ वितळवायचा हीटर आणि पंखा नसतो. भाजीही त्यात कमी सुकते. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हवा सतत फिरते, उघडी ठेवलेली काकडी दुसऱ्या दिवशी लुळी पडते, म्हणून सगळं झाकून ठेवायची सवय लावावी लागते. सिंगल डोअरची अडचण फ्रीजरची आहे. तो छोटा असतो आणि त्यात बर्फ धरतो. बटण दाबून तो वेळच्या वेळी वितळवला नाही तर मटाराची पिशवी भिंतीला चिकटते. आमच्या शेजारच्या काकूंनी तो बर्फ सुरीने खरवडला, पातळ पत्र्याला भोक पडलं, गॅस गेला. दुरुस्तीचा खर्च ऐकून त्यांनी फ्रीजच बदलला. तुमच्याकडे मासे, मटार, आइस्क्रीम यातलं काही नेहमी असेल, आणि मुलं आहेत म्हणजे असणारच, तर डबल डोअर घ्या.

स्टारबद्दल थोडक्यात. ताऱ्यांपेक्षा लेबलवर छापलेली वर्षाची युनिटं वाचा. समजा एकावर १९० आहेत आणि दुसऱ्यावर २३०. फरक ४० युनिटांचा, दहा रुपये युनिट धरलं तर वर्षाला चारशे रुपये. जास्त ताऱ्यांचा फ्रीज तीन हजारांनी महाग असेल तर ते पैसे साडेसात वर्षांनी वसूल होतील. आपलं बिल काढून खरा दर घाला आणि ठरवा.

पैसे देण्याआधी दाराची, जिन्याच्या वळणाची आणि लिफ्टची मापं घ्या, तीही खोक्यासकट. आमचा फ्रीज खोक्यात असेपर्यंत सेफ्टी डोअरमधून आत येईना, शेवटी पॅकिंग जिन्यातच फाडावं लागलं.