शोल्डर डिस्टोशिया: आधी कळतो का, काय करायचं, काय लिहायचं?

"मी इंटर्न आहे. काल लेबर रूममध्ये पहिल्यांदा शोल्डर डिस्टोशिया पाहिला. हा आधी ओळखता येत नाही का? मॅन्युव्हर्स नेमक्या कोणत्या क्रमाने करतात? आणि नंतर नोट्समध्ये काय काय लिहायचं? मला फक्त 'मॅक्रॉबर्ट्स दिलं, बाळ झालं' एवढंच लिहायला सांगितलं."

तेवढं लिहून अजिबात भागत नाही. का, ते माझ्या एका केसवरून सांगतो.

दुसरेपणाची बाई. पहिली डिलिव्हरी सरळ झालेली, शुगर नॉर्मल, वजन बेताचं, बाळाचा अंदाज साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे रिस्क फॅक्टर्सची यादी घेऊन बसलो असतो तरी खूण करायला एकही रकाना सापडला नसता. यादी तुम्हाला पाठ असेलच: आधीच्या बाळंतपणात शोल्डर डिस्टोशिया, डायबेटिस, मोठं बाळ, आईचा लठ्ठपणा, रेंगाळलेली प्रसूती, व्हॅक्यूम किंवा फोर्सेप्स. यादी खोटी नाही, पण तिचा भरवसा धरता येत नाही. जवळजवळ निम्म्या केसेसमध्ये बाळ ४ किलोच्या आतलं असतं, आणि मोठ्या बाळांपैकी बहुतेकांचे खांदे काही न अडता बाहेर येतात. त्यात महिने भरल्यावर सोनोग्राफीचा वजनाचा अंदाज १० टक्क्यांनी इकडेतिकडे होणं नेहमीचंच. म्हणून नुसतं 'बाळ मोठं वाटतंय' एवढ्यावर सिझेरियन ठरवत नाहीत. आईला डायबेटिस आणि बाळाचा अंदाज साडेचार किलोच्या वर असेल, तर मात्र तो पर्याय तिच्यापुढे ठेवतात. यादीतल्या एका गोष्टीला मी सगळ्यात जास्त वजन देतो: आधीच्या वेळी असं झालं होतं का?

रात्री २ वाजून १४ मिनिटांनी डोकं बाहेर आलं आणि लगेच हनुवटी पेरिनियमवर घट्ट आवळून आत ओढल्यासारखी झाली. हाच टर्टल साइन. नेहमीच्या बेताने, डोक्याच्या सरळ रेषेत ओढून पाहिलं, खांदा हलला नाही. इथे दुसऱ्यांदा जोर लावायचा मोह होतो, आणि इथेच थांबायचं असतं. पुढचा खांदा आईच्या प्युबिक हाडामागे अडकलेला असतो. तुम्ही डोकं खाली वाकवून ओढलंत तर खांदा तिथेच राहतो, ताणली जाते ती मानेतली ब्रेकियल प्लेक्ससची नस. वरून गर्भाशयावर दाब देणं, म्हणजे फंडल प्रेशर, हेही त्याच कारणाने बंद: त्याने खांदा हाडावर आणखी दाबला जातो आणि गर्भाशय फाटण्याचाही धोका असतो.

मी मोठ्याने म्हटलं, "शोल्डर डिस्टोशिया, सगळ्यांना बोलवा." एका सिस्टरला घड्याळ आणि कागद घेऊन बाजूला उभं केलं. बाईंना म्हटलं, "ताई, आता जोर लावू नका, मी सांगतो तेव्हाच लावा."

दोघींनी दोन्ही मांड्या पोटाकडे पूर्ण दुमडल्या. हे मॅक्रॉबर्ट्स. त्याने कंबरेचा बाक सपाट होतो आणि प्युबिक हाड आईच्या डोक्याच्या दिशेने वर फिरतं. बऱ्याच केसेस इथेच सुटतात. आमची सुटली नाही. मग सुप्राप्युबिक प्रेशर. यात सगळ्यात जास्त चूक होते ती बाजूची. दाब बाळाच्या पाठीकडून छातीकडे द्यायचा, म्हणजे खांदा तिरका होऊन हाडाखालून सटकतो. बाळाचं तोंड आईच्या उजव्या मांडीकडे होतं, म्हणजे पाठ आईच्या डावीकडे. म्हणून मदतनीस आईच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि तळहाताच्या टाचेने खाली व पलीकडे ढकलत राहिली. साधारण ३० सेकंद. तेही जमलं नाही.

आता हात आत घालायची वेळ. दोन वाटा असतात: खांदे आतून फिरवायचे किंवा मागचा हात बाहेर काढायचा. आधी कोणती, हे ज्याला जे हातवळणी आहे त्यावर ठरतं, त्यात भांडण नको. एपिसिओटॉमी तुमच्या हाताला जागा हवी म्हणून द्यायची असते. खांदा हाडाला अडलाय, कातड्याला नाही. मी मागचा हात निवडला. तंग बांगडी भरताना पंजा जसा निमुळता करतो, तसा अंगठा आत दुमडून पूर्ण पंजा खालून, सेक्रमच्या खोलगटात घातला. बाळाचं मनगट सापडलं, ते छातीवरून सरकवत बाहेर आणलं. पाठोपाठ पुढचा खांदा आपोआप मोकळा झाला. २ वाजून १७ मिनिटांनी बाळ बाहेर. याने सुटलं नसतं तर दुसरी वाट, मग आईला हातापायांवर ओणवं करणं. डोकं परत आत ढकलून सिझेरियन करणं हे अगदी शेवटचं.

बाळाचं वजन ३.६ किलो. डावा दंड हलवला की रडायचं. एक्स-रेमध्ये डाव्या ह्युमरसचं फ्रॅक्चर निघालं.

आता तुमच्या नोट्सकडे या. आई-वडिलांनी, आणि नंतर हॉस्पिटलच्या चौकशीत, एकच विचारलं गेलं: तुम्ही ओढलंत म्हणून हे झालं का? उत्तर कागदावर होतं. तोंड आईच्या उजव्या मांडीकडे, म्हणजे पुढचा खांदा उजवा आणि मागचा हात डावा. जो हात मी आत जाऊन काढला तोच मोडला होता. मागचा हात काढताना हे होऊ शकतं, आणि नवजात बाळात ते काही आठवड्यांत जुळतं. ज्या बाजूची नस ओढण्याने ताणली जाऊ शकते तो उजवा हात व्यवस्थित हलत होता, आणि पहिल्या तपासणीत तसं लिहिलेलं होतं. गंमत म्हणजे तासाभराने मी स्वतः आठवून लिहायला बसलो, तेव्हा आधी 'पुढचा खांदा डावा' असंच लिहिणार होतो. सिस्टरच्या कागदावर बाळाच्या तोंडाची दिशा होती म्हणून वाचलो.

तेव्हा नोट्समध्ये डोकं बाहेर आल्याची आणि अंग बाहेर आल्याची वेळ वेगवेगळी हवी, कारण ऑक्सिजनचा हिशेब त्या मधल्या मिनिटांवर होतो. पुढचा खांदा कोणता ते हवं. प्रत्येक मॅन्युव्हर कोणी, किती वाजता, कोणत्या क्रमाने केलं, दाब कोणत्या बाजूने दिला, ओढलं ते सरळ रेषेत आणि नेहमीच्या जोराने, आणि फंडल प्रेशर दिलं नाही, हेही. कोणाला कधी बोलावलं, कोण कधी पोचलं. बाळाचा अपगार, नाळेच्या रक्ताचा पीएच, दोन्ही हातांची हालचाल. आईच्या टाक्यांची तपासणी आणि रक्तस्राव किती, कारण यानंतर पीपीएच आणि खोल फाटणं दोन्ही जास्त होतं. शिवाय आई-वडिलांशी काय बोलणं झालं ते.

उशिरा लिहीत असाल तर लिहिण्याची खरी वेळ टाका आणि 'उशिराची नोंद' असं वर लिहा. सिस्टरचा तो चुरगळलेला कागदही फेकू नका. आमच्या केसमध्ये तो फाईलला लावला होता, आणि चौकशीत सगळ्यात आधी तोच मागितला गेला.