शिट्टी ऐकू येत नाही, मग दाखवायची कशी?

"आमटीच्या व्हिडिओत मी 'तीन शिट्ट्या होऊ द्या' असं स्पष्ट बोलते. तरी आवाज बंद ठेवून बघणारे खाली विचारतात, किती शिट्ट्या?"

एडिट पूर्ण झाल्यावर आवाज बंद करून व्हिडिओ एकदा बघा आणि जिथे फक्त कानाला कळणारं काही आहे, ती जागा लिहून ठेवा. आमटीत अशा दोन मोठ्या जागा असतात, फोडणी आणि कुकर.

फोडणीत बरेच जण मोहरी टाकल्याबरोबर कट करून थेट हिंगावर जातात. आवाज चालू असतो तेव्हा तडतड ऐकू येते, म्हणून ते खपतं. आवाज बंद असेल तर बघणाऱ्याला वाटतं, दोन्ही एकदमच टाकायचं. मोहरी तेलातून उडताना जवळून घेतलेला शॉट दीड-दोन सेकंद ठेवा आणि हिंग त्यानंतरच दिसू दे. असा शॉट घेतला नसेल तर हिंगाच्या आधी पडद्यावर 'मोहरी तडतडू द्या' एवढंच लिहा.

कुकरची अडचण वेगळी आहे. मधली मिनिटं आपण कापतो, त्यामुळे कॅमेरा एकाच जागी असेल तर तिन्ही शिट्ट्या एकच लांबलेली शिट्टी वाटतात. कुकरच्या बाजूला मोठा आकडा ठेवा: १, मग २, मग ३. शिट्टी ज्या फ्रेमला वर उचलली जाते, त्याच फ्रेमला आकडा बदलला पाहिजे. दहा-बारा फ्रेम उशीर झाला तरी आकड्याचा वाफेशी संबंध तुटतो. तेवढ्या वेळात खाली दुसरं लांब कॅप्शन ठेवू नका, डोळे एका वेळी एकच काम करतात. मात्र वेगळी कॅप्शन फाइल देत असाल तर तिच्यात '(कुकरची शिट्टी)' जरूर लिहा. ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांना वाफेबरोबर आवाजही झाला हे त्यातूनच कळतं.

"मी बोलून संपते तेव्हा कॅप्शन जातं. तरी लोक म्हणतात, वाचून होत नाही."

कारण बोलणं पुष्कळदा भरभर होतं, आणि बघणाऱ्याला वाचता वाचता चित्रही बघायचं असतं. माझी पद्धत सोपी आहे: कॅप्शन मोठ्याने, सावकाश वाचायचं, घड्याळ लावायचं आणि त्यात अर्धा सेकंद मिळवायचा. मनातल्या मनात वाचून उपयोग नाही, कारण मजकूर आपल्याला पाठ असतो. एका सेकंदापेक्षा कमी काहीच ठेवू नका.

समजा तुम्ही बोललात, 'आता ही डाळ आहे ना, ती अर्धा तास भिजवायची, पाणी काढून टाकायचं आणि मग कुकरला लावायची', आणि हे १२व्या सेकंदाला सुरू होऊन १५व्याला संपलं. ते जसंच्या तसं तीन सेकंदांत वाचून होणार नाही. शब्द कमी करा आणि दोन तुकडे करा:

```
7
00:00:12,000 --> 00:00:14,000
डाळ अर्धा तास भिजवा

8
00:00:14,080 --> 00:00:16,400
पाणी काढून कुकरला लावा
```

मधले ८० मिलिसेकंद म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेम. तेवढ्या फटीमुळे मजकूर बदलल्याचं डोळ्याला जाणवतं. शेवट १६.४ला आहे, म्हणून चित्रही तिथपर्यंत लांबवावं लागेल. पुढचा शॉट १५ला सुरू झाला तर कॅप्शन डाळीचं आणि चित्र चिंचेच्या कोळाचं, असं होईल.

सॉफ्टवेअर वाचनाचा वेग अक्षरं मोजून दाखवतं, त्यावर मराठीत विसंबू नका. 'क्षेत्र' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण संगणकासाठी पाय मोडणं आणि मात्रा धरून ती सात होतात.

"प्रीमिअरमध्ये 'शक्ती'चा क्त फुटतो, 'किती'ची वेलांटी उलट्या बाजूला जाते."

Preferences मध्ये Graphics उघडा आणि तिथे South Asian and Middle Eastern हा पर्याय दिसत असेल तर तो निवडा. नंतर मजकूर पुन्हा टाका. फाँट युनिकोडच हवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी छोट्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. Tracking शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. दोन ओळींत अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो.

"कॅप्शन व्हिडिओतच चिकटवावं की वेगळी फाइल द्यावी?"

यूट्यूबसाठी वेगळी फाइल, UTF-8 मध्ये सेव्ह केलेली. बघणाऱ्याला ती बंद-चालू करता येते. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरतो तेव्हा फाइल मागे राहते, म्हणून तिथे आणि रील्ससाठी चिकटवलेलंच. उभ्या व्हिडिओत खालचा पाचवा भाग आणि उजवी कड मोकळी सोडा, तिथे बटणं आणि नाव येतं. पांढऱ्या अक्षरांमागे काळी पारदर्शक पट्टी द्या. भात किंवा वाफ आली की नुसती पांढरी अक्षरं त्यात बुडून जातात.