तीन ट्यूब, एक महिना

*सर, मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय रसायनशास्त्र. परळला राहतो. परीक्षा झाली की पुरुषांसाठी स्किनकेअर ब्रँड काढायचा आहे. फेसवॉश १०० मिली, मॉइश्चरायझर १०० ग्रॅम आणि सनस्क्रीन ५० ग्रॅम, असा तिघांचा सेट. बाबा चार लाख द्यायला तयार आहेत. आई म्हणते, आधी नोकरी कर. पॅकवर ‘खऱ्या पुरुषांसाठी’ असं लिहायचं ठरवलंय. माल घरीच बनवून सुरुवात करू का? आणि सुरुवात बरोबर होण्यासाठी काय बघू?*

घरी बनवायचं आधी डोक्यातून काढ. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो आणि आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासन देतं. स्वयंपाकघरात तो मिळत नाही. तुझ्यासाठी सोपा रस्ता म्हणजे परवाना असलेल्या कारखान्याकडून माल बनवून घेणं. लेबलवर त्यांचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक येतो, विक्रेता म्हणून तुझं नाव येतं. कारखान्यात गेलास की परवान्याची प्रत माग आणि त्यात सनस्क्रीन आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. फेसवॉश बनवणारे पुष्कळ असतात. सनस्क्रीन बनवायला येतं असं म्हणणारे त्याहून कमी, आणि नीट बनवणारे आणखी कमी.

तू तीनच वस्तू ठेवल्यास, हे बरं केलंस. सीरम, स्क्रब, दाढीचं तेल असं जोडत गेलास की चार लाख रुपये बाटल्यांतच अडकतात. पण तू ठरवलेली मापं मला पटली नाहीत. गिऱ्हाईक फेसवॉश दिवसातून दोनदा वापरतो आणि एका वेळी साधारण दीड मिली घेतो. म्हणजे १०० मिली ३३ दिवसांत संपलं. सनस्क्रीन दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघा एवढं लावायचं असतं, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम. तुझी ५० ग्रॅमची ट्यूब पन्नास दिवस चालेल. मॉइश्चरायझर रात्री एकदाच, तेही एक ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमची ट्यूब तीन महिन्यांहून जास्त पुरेल. चौतिसाव्या दिवशी त्या मुलाच्या बाथरूममध्ये फेसवॉश नसेल आणि बाकी दोन ट्यूब अर्ध्याहून कमी-अधिक भरलेल्या असतील. तो पूर्ण सेट कशाला मागवेल? खालच्या मेडिकलमधून मिळेल तो फेसवॉश आणेल आणि तो तुझ्या हातून गेला.

म्हणून माप असं ठेव: फेसवॉश १००, मॉइश्चरायझर ३०, सनस्क्रीन ३०. तिन्ही महिनाभरात संपतात.

हे इतकं ताणून सांगण्याचं कारण पैशात आहे. आकडे मी धरून चाललोय, तू खरी कोटेशनं घालून पुन्हा मांड. सेटची एम.आर.पी. ६९९ धर. त्यात १८ टक्के जी.एस.टी. आतच धरलेला असतो, तो साधारण १०७ रुपये. उरले ५९२. भरलेला माल आणि खोका मिळून २००, पोर्टलचं कमिशन, कुरिअर आणि परत आलेल्या पार्सलचा वाटा मिळून १५०. हातात २४२. आता इन्स्टाग्रामवर जाहिरात करून एक नवा गिऱ्हाईक आणायला ३०० लागले, तर पहिल्या विक्रीत तू ५८ रुपये घालवलेस. तोच मुलगा पुढच्या महिन्यात आपणहून आला, तर २४२ सगळे तुझे. पहिल्या विक्रीवर कमाई नाहीच, असं समजूनच हिशेब बांध.

आता पॅकवरचं वाक्य. ‘खऱ्या पुरुषांसाठी’ वाचून काय लावायचं, कधी लावायचं, काहीच कळत नाही. काळी बाटली आणि भारदस्त शब्द सगळ्यांकडेच आहेत. इमामीने २००५ मध्ये ‘फेअर अँड हँडसम’ आणलं तेव्हा ते कोणासाठी आणि कशासाठी, हे नावातच कळत होतं. गोरेपणाचा तो दावा आज तू करू नकोस, पण स्पष्टपणा घेण्यासारखा आहे. तुझा संदेश वापराच्या क्रमातूनच निघतो: सकाळी धुवा आणि सनस्क्रीन लावा, रात्री धुवा आणि मॉइश्चरायझर लावा. फेसवॉशवर मोठ्या अक्षरात ‘सकाळ-रात्र’, सनस्क्रीनवर ‘सकाळ’, मॉइश्चरायझरवर ‘रात्र’. दाढी करून आठ-दहाची लोकल पकडणाऱ्या मुलाला आरशासमोर विचार करावा लागू नये. ‘मुरूम बरे करतो’ असं मात्र लिहू नकोस, कारण रोग बरा करण्याचा दावा आला की ते प्रसाधन राहत नाही, औषधाच्या हद्दीत जातं. ‘तेलकटपणा कमी जाणवतो’ एवढं चालेल, तेही खरं असेल तरच.

सेटचं नशीब सनस्क्रीन ठरवेल. ऊन अडवणारा फिल्टर म्हणून झिंक ऑक्साइड जास्त असलेलं सावळ्या कातडीवर पांढरट दिसतं आणि दाढीच्या खुंटांत तर पिठासारखं अडकतं. दुसऱ्या प्रकारच्या फिल्टरचं काही वेळा घामाबरोबर डोळ्यांत उतरून चुरचुरतं, आणि मुंबईत घाम येणारच. कारखान्याचे नमुने तू ए.सी.त बसून हाताच्या पाठीवर लावून बघितलेस, तर यातलं काही दिसणार नाही. दाढीवाले आणि रोज ब्लेड फिरवणारे असे आठ-दहा मित्र गाठ. दाढी केल्यावर दहा मिनिटांत लावायला सांग, मग दादरचा पूल चढू दे. संध्याकाळी तीनच गोष्टी विचार: डोळे चुरचुरले का, शर्टाच्या कॉलरला पांढरं लागलं का, उद्या पुन्हा लावशील का. दोघांनी जरी डोळ्यांची तक्रार केली, तरी फॉर्म्युला परत पाठव. ‘एस.पी.एफ. ३०’ छापण्याआधी नेमक्या त्याच फॉर्म्युल्याचा चाचणी अहवाल माग. नंतर तू सुवास किंवा फिल्टर बदललास, तर तो अहवाल तुझ्या मालाचा उरत नाही.

स्थिरतेची चाचणीही वगळू नकोस. ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत नमुने तीन महिने ठेवतात. ते तुझ्याच ट्यूबमध्ये ठेवायला सांग, काचेच्या बरणीत नको. पाणी सुटलं, वास बदलला किंवा ट्यूबचं तोंड फुगलं, तर ते कारखान्यातच कळलेलं बरं. हे तीन महिने तुला जास्तीचे वाटतील, पण तेवढ्यात ट्रेडमार्कचा अर्ज कर. सौंदर्यप्रसाधनांच्या वर्ग ३ मध्ये, व्यक्तीला ऑनलाइन ४,५०० रुपये शुल्क आहे. नाव मिळतंय का हे त्याआधी शोध, लेबल नंतर.

ट्यूबवर थेट छपाई करायला कारखाना हजारोंची ऑर्डर मागेल. तू साध्या ट्यूबवर स्टिकर लाव. पहिल्या खेपेला ५०० सेट खूप झाले. माल, चाचण्या, लेबल आणि ट्रेडमार्क मिळून दोन लाखांच्या आत राहा. उरलेले दोन लाख दुसऱ्या खेपेसाठी, कारण पहिली खेप संपली आणि दुसरी हातात नसली, तर परत येणाऱ्याला तू ‘स्टॉक नाही’ सांगणार.

आईच्या बोलण्याबद्दल. नोकरी ‘आधी’ नाही, पण याच वर्षात कर असं मी म्हणेन. वसई-भिवंडीकडच्या एखाद्या कॉन्ट्रॅक्ट उत्पादकाच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये पगार कमी मिळेल, पण पी.एच. मीटर, व्हिस्कोसिटी आणि परत आलेले बॅच रोज बघायला मिळतील. मुलुंडच्या वझे कॉलेजमध्ये परफ्युमरी-कॉस्मेटिक्सचा अभ्यासक्रम आहे, प्रवेशाची चौकशी आत्ताच कर. चाचणीचे तीन महिने चालू असताना नोकरी आणि ट्रेडमार्क दोन्ही होऊ शकतात. बाबांकडून चारही लाख एकदम घेऊ नकोस. आधी नमुने आणि चाचण्यांपुरते घे, उरलेले मित्रांचे अहवाल आल्यावर.