ब्रेकअप झालं, पण रोज समोर येतोच

आम्ही एकाच टीममध्ये आहोत. दहाच्या मीटिंगला तो समोर बसला की छातीत धडधडतं, बोलताना आवाज कापतो.

धडधड थांबवायच्या मागे लागू नका. तिच्याशी झगडलात की ती वाढते, सोडून दिलीत की थोड्या वेळात उतरते. मीटिंगला पाच मिनिटं आधी जा आणि तो नेहमी बसतो त्याच बाजूला, दोन खुर्च्या सोडून बसा. मग मान वळवल्याशिवाय तो दिसणार नाही. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, असं पाच वेळा करा. सोडायचा श्वास लांबला की हृदयाची गती उतरते. आवाज बहुतेकदा पहिल्याच वाक्याला कापतो, म्हणून ते वहीत लिहून न्या: "कालचं टेस्टिंग संपलं, दोन बग उरलेत." ते सरळ वाचून टाका.

खरी चूक वेगळीच होते. माणसं जेवायची वेळ बदलतात, लिफ्ट सोडून जिन्याने जातात. टाळल्यावर हायसं वाटतं आणि म्हणूनच पुढची भेट जास्त भीतीदायक होते. मीटिंग चुकवू नका. रोज संध्याकाळी त्रासाला दहापैकी गुण द्या. तीन-चार आठवड्यांत आकडा उतरत नसेल किंवा दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलं असेल, तर समुपदेशकाला भेटा. 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.

ऑफिसच्या चॅटवर तो मधूनच 'कशी आहेस, आठवण येते' लिहितो. उत्तर दिलं तर गप्पा वाढतात, नाही दिलं तर काम अडतं.

एकदाच स्पष्ट लिहा: "इथे फक्त कामाचं लिही. बाकीच्या मेसेजना मी उत्तर देणार नाही." नंतर त्याने एकाच मेसेजमध्ये कामाचं आणि आठवणींचं दोन्ही लिहिलं, तरी उत्तर कामापुरतंच द्या. पाच वेळा गप्प राहून सहाव्यांदा वैतागून लिहिलंत, तर चिकाटी धरली की उत्तर मिळतं हे तो शिकतो. नाही म्हटल्यावरही चालूच राहिलं, तर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते, त्यामुळे 'बघू पुढे' म्हणत बसू नका.

जिच्याशी ब्रेकअप झालं, कॉलेजात प्रॅक्टिकलला तीच माझी पार्टनर आहे. वर मित्र रोज विचारतात, काय झालं?

सरांना विचारा: "वैयक्तिक कारण आहे, बॅच बदलून मिळेल का?" सगळी कहाणी सांगायची गरज नाही. जमत नसेल, तर प्रयोग सुरू व्हायच्या आधी कामं वाटून घ्या: एकाने रीडिंग घ्यायचं, दुसऱ्याने लिहायचं. मग बोलणं आकड्यांपुरतंच राहतं. मित्रांना, अगदी जवळच्यालाही, एकच वाक्य सांगा: "आमचं संपलंय, त्यावर बोलायचं नाही. जर्नल झालं का तुझं?" प्रत्येकाला थोडं थोडं वेगळं सांगितलंत, तर ते सगळं जोडून संध्याकाळपर्यंत तिच्याकडे पोहोचतं आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या टेबलावर त्याचाच वाद होतो.