आरशाच्या कडा काळ्या का पडतात? डाग कुठे आहे ते आधी बघा

प्रश्न: बाथरूमच्या जुन्या आरशाच्या कडा काळ्या पडत चालल्यात आणि मधे चंदेरी ठिपके उठलेत. पारा उडालाय म्हणतात. व्हिनेगर, खायचा सोडा, काच पुसायचा स्प्रे सगळं करून झालं. हे कशाने होतं आणि काही करता येईल का?

उत्तर:

पुसणं आधी थांबवा. डाग काचेच्या मागे आहे आणि तुम्ही पुढून घासताय. खात्री करायची असेल तर पेन्सिलीचं टोक डागावर टेकवा. टोक आणि डाग यांच्यात काचेच्या जाडीएवढं अंतर दिसलं तर डाग मागचाच. बोअरच्या पाण्याचे पांढुरके डाग मात्र टोकाला अगदी चिकटून दिसतात. ते पुढचे असतात आणि पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात.

पाऱ्याचं म्हणाल तर बाथरूमच्या आरशात पारा नसतो. काचेच्या मागे चांदीचा थर असतो, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका पातळ. जुन्या आरशांत बहुतेक वेळा त्यावर तांब्याचा पातळ थर असतो आणि सगळ्यात मागे संरक्षक रंग. पाठीवर हा रंग सगळं झाकून असतो. पण काच कापली की त्या कडेला चांदी आणि तांबं उघडं पडतं. तिथे कुठलंच कवच नाही. कडेवर पाणी टिकलं की ते रंग आणि काच यांच्यामधल्या फटीत आपोआप ओढलं जातं आणि धातू गंजायला लागतो. चांदी काळी पडते, पैंजण पडतात तशीच. पैंजण घासून उजळतात, कारण त्यात चांदी भरपूर असते. इथे घासायला काही उरतच नाही.

चंदेरी ठिपका हा याच दुखण्याचा दुसरा चेहरा. तिथे चांदी काळी पडण्याऐवजी काचेपासून सुटलेली असते, किंवा पूर्ण जाऊन मागचा रंग करडा दिसत असतो. अशा ठिपक्यांभोवती बरेचदा काळसर कड असते. ती कड असेल तर ठिपका अजून वाढतोय असं समजा.

माझं काचेचं दुकान आहे. गिऱ्हाईक असा आरसा घेऊन आलं की मी पहिल्यांदा डाग कुठल्या जागी आहेत ते बघतो, कारण ते कशामुळे पडले हे जागेवरूनच कळतं.

फक्त खालची कड काळी असेल तर दोषी पाणी किंवा स्प्रे. आपण थेट आरशावर फवारा मारतो, तो ओघळून खालच्या कडेला जमतो आणि तिथेच बसून राहतो. अमोनिया किंवा आम्ल असलेला क्लीनर असेल तर काम आणखी लवकर होतं. चारही कडा सारख्या काळ्या होत असतील तर बहुधा गिझरची वाफ आणि कोंदट हवा. त्यात समुद्रकाठचं घर असेल तर खारी हवा भर घालते. आणि एक गोष्ट लोक सांगतच नाहीत, विचारावी लागते: टाइल्स धुवायला हार्डवेअरच्या दुकानातलं अ‍ॅसिड वापरता का? त्याचा धूर बंद बाथरूममध्ये आरशाच्या मागे जाऊन बसतो. बाटली भले जमिनीवर ओतलेली असो.

मधोमध गोल किंवा पट्ट्यांसारखे डाग असतील तर आरसा खाली काढून मागे बघा. बहुतेक वेळा त्याच जागी, त्याच आकारात गोंदाचे ठिपके सापडतात. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि ते रंगातून आत चांदीपर्यंत पोचतं. आरशासाठी ‘न्यूट्रल’ लिहिलेलं सिलिकॉनच मागायचं. कुठेही विखुरलेले बारीक ठिपके असतील तर मागे ओल आलेली भिंत, नाहीतर बसवताना रंगावर पडलेले ओरखडे. काढलेल्या आरशामागे अंधारात टॉर्च धरा. जिथून उजेड आरपार येईल तिथे रंगही गेलाय आणि चांदीही.

आता उपाय. काळं झालेलं परत आरसा होत नाही. नव्याने चांदी चढवता येते, पण त्यासाठी आधी रंग आणि जुना थर पूर्ण काढावा लागतो. साध्या बाथरूमच्या आरशाला हा खर्च परवडत नाही, नवा स्वस्त पडतो. डाग खरवडून मागे फॉइल किंवा आरशाचा स्प्रे मारायचे व्हिडिओ फिरतात. पुढून बघितलं की ठिगळ तसंच दिसतं.

कडेचाच डाग असेल तर मात्र आरसा वाचतो. अलीकडेच बेसिनवरचा १८ × २४ इंचाचा आरसा आला होता, रुंदी १८ ची आणि उंची २४ ची. खाली इंचभर काळं, डाव्या बाजूला पेन्सिलीएवढी रेघ, मधला भाग स्वच्छ. डाग जिथे संपलेला दिसतो तिथेच कापायचं नसतं, त्याच्या पुढे थोडी चांदी आतून सुटलेली असू शकते. म्हणून खालून दीड इंच आणि डावीकडून अर्धा इंच काढला. उरला १७½ × २२½ चा. कडेला पॉलिश मारून पाणी पूर्ण सुकू दिलं, मग चारही कडांवर, काच आणि रंग जिथे भेटतात तिथे, आरशाचं एज सीलर फिरवलं. ते नसेल तर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हातही बऱ्यापैकी काम करतात. फक्त कड हाडासारखी कोरडी हवी, नाहीतर ओल आत कोंडली जाते. आरसा टफन्ड असेल तर कापता येत नाही, फुटून चुरा होईल. बेव्हल म्हणजे कडेला तिरका घासलेला उतार असेल तर कापलेल्या बाजूचं बेव्हल जातं.

कापायचा नसेल तर फ्रेम लावून कड झाका. पण अ‍ॅल्युमिनियमची पट्टी खाली लावलीत तर तिला पाणी निथळायला दोन-तीन भोकं हवीत. नाहीतर ती पन्हळ बनते आणि कड कायम पाण्यात उभी राहते. नव्या फ्रेममध्ये आरसा आधीपेक्षा लवकर खराब झालेला मी पाहिलाय, तो याचमुळे.

परत बसवताना मागे किमान एक सूत फट राहू द्या, स्क्रूवर रबरी वॉशर घातले तरी पुरे. खालची कड बेसिनच्या कट्ट्यावर टेकवू नका. आणि स्प्रे फडक्यावर मारायचा, काचेवर नाही.

घर भाड्याचं असेल आणि आरसा भिंतीला चिकटवलेला असेल तर उचकटायच्या भानगडीत पडू नका, तो सहसा फुटतोच. नवा घ्यायची वेळ आली तर ५ मिलिमीटरचा, तांबं नसलेला म्हणजे कॉपर-फ्री मागा आणि दुकानदाराकडूनच कडा सील करून घ्या. आजीच्या काळातला, लाकडी चौकटीतला फार जुना आरसा असेल तर गोष्ट वेगळी. त्यात खरंच कथील-पाऱ्याचा थर असू शकतो, तो घरी खरवडू नका.