जुना वाडा ठेवावा की पाडावा: कार्बनचा हिशेब

प्रश्न: साताऱ्यातला १५०० चौरस फुटांचा दगडी वाडा पाडून आरसीसी घर बांधलं, तर दुरुस्तीपेक्षा कार्बन किती जास्त?

उत्तर: ढोबळमानाने आठपट, ४० टन विरुद्ध ५ टन.

ठेकेदारांचा नेहमीचा ठोकताळा धरा: चौरस फुटाला सिमेंट ०.४ पोतं, सळई ४ किलो. म्हणजे ६०० पोती, अर्थात ३० टन सिमेंट. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या एका टनामागे साधारण ०.६५ टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे इथेच १९.५ टन. सळई ६ टन, टनामागे अडीच धरले तर १५. विटा, खडी, वाहतुकीचे आणखी पाच-सहा. दुरुस्तीला ९० पोती आणि ८०० किलो सळई लागली, तर ३ आणि २ टन. जुन्या दगडाचा कार्बन मोजायचा नाही. तो कधीच होऊन गेला.

मात्र मातीत रचलेल्या भिंतीने पोट काढलं असेल, तर आतले-बाहेरचे थर सुटलेत असं समजा. कोयनेच्या भूकंपपट्ट्यात त्यावर नुसतं प्लास्टर मारणं धोक्याचं. इंजिनिअरला दाखवून तेवढा भाग उतरवा आणि तेच दगड आरपार सांधेदगड घालून पुन्हा रचा. मजुरी वाढेल, कार्बन फारसा नाही.