डीलरच्या सवलतीवर कंपनीचा लगाम: कलम ३ लावायचं की कलम ४?

प्रश्न: "मी एका पंप कंपनीचा डीलर आहे. ठरावीक डिस्काउंटपेक्षा जास्त दिला तर कंपनी डेबिट नोट टाकते. दुसऱ्या ब्रँडचा माल ठेवायलाही मनाई आहे. आता पुरवठा बंद करण्याची धमकी आली आहे. एक वकील म्हणतात कलम ३, दुसरे म्हणतात कलम ४. फरक काय आणि माझ्यापुढे पर्याय कोणते?"

उत्तर:

मुख्य भिस्त कलम ३ वर ठेवा. कलम ४ जोडायचं की नाही हे तुमच्या कंपनीचा बाजारातला हिस्सा बघून ठरवावं लागेल, पण तुम्ही सांगितलंत तेवढ्यावरून मी ते जोडणार नाही.

स्पर्धा अधिनियम, २००२ मधली ही दोन कलमं, स्पर्धेला मारक करारांवरचं कलम ३ आणि बाजारातल्या प्रभुत्वाच्या गैरवापरावरचं कलम ४, बऱ्याचदा एकाच वागणुकीला लागू पडू शकतात. त्यामुळे अन्याय कोणता झाला यावरून कलम निवडायला गेलं की गोंधळ होतो. निवड होते ती काय सिद्ध करता येईल यावरून. कलम ३ साठी करार दाखवावा लागतो. कराराची व्याख्या मुद्दाम सैल ठेवली आहे: लेखी नसला तरी चालतो, कोर्टात बजावता येण्यासारखा नसला तरी चालतो, नुसती आपसातली समजूतही पुरते. कलम ४ ला कराराची गरज नाही, कंपनीची एकतर्फी कृती पुरते. पण ती कंपनी संबंधित बाजारपेठेत प्रभुत्वाच्या स्थितीत आहे हे आधी दाखवावं लागतं. तिथे अडखळलात की गैरवापराचा मुद्दा कितीही भक्कम असला तरी त्याचा विचारच होत नाही.

डीलर मंडळी हमखास इथेच फसतात. "माझा सगळा धंदा या कंपनीवर आहे, म्हणजे ती प्रभुत्वात आहे" असं त्यांना वाटतं. तुमचं अवलंबित्व खरं आहे, पण कायदा विचारतो ते वेगळं: ही कंपनी स्पर्धेच्या दबावाची पर्वा न करता वागू शकते का? किंवा प्रतिस्पर्ध्यांना, ग्राहकांना, बाजाराला आपल्याकडे झुकवू शकते का? कलम १९(४) मध्ये त्यासाठी तपासायच्या बाबी दिल्या आहेत, त्यात बाजारातला हिस्सा, प्रतिस्पर्ध्यांचा आकार, नव्या उत्पादकाला येण्यातले अडथळे वगैरे येतं. अमुक टक्के हिस्सा म्हणजे प्रभुत्व, असा आकडा कायद्यात नाही. पंपांचे उत्पादक भरपूर आहेत, आणि दुकानात आलेला गिऱ्हाईक भाव न पटल्यास दुसऱ्या कंपनीचा पंप घेऊन जातो. असं असताना प्रभुत्व सिद्ध करणं अवघड आहे. दोन-तीन कंपन्या मिळून बाजारावर पकड ठेवतात, असंही म्हणून चालणार नाही, कारण आपल्या कायद्यात सामूहिक प्रभुत्वाची कल्पना नाही. प्रभुत्व एका उद्योगाचं किंवा एका समूहाचं असावं लागतं.

आता कलम ३(४)(ई) बघा. विक्रेत्याने ठरवलेल्या किमतीलाच माल पुढे विकायचा, अशी अट घातली की हे पोटकलम लागतं. कमी किमतीला विकण्याची मोकळीक स्पष्ट दिली असेल तर लागत नाही. त्यामुळे डब्यावर छापलेली एमआरपी हा आक्षेपाचा विषय नाही, ती वरची मर्यादा आहे. तुमची तक्रार खालची मर्यादा घातल्याची आहे, आणि ती नेमकी या पोटकलमात बसते.

याचं सगळ्यात उपयोगी उदाहरण मारुती सुझुकीचं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीला २०० कोटी रुपये दंड केला, तो याच पोटकलमाखाली, प्रभुत्वाच्या गैरवापराखाली नव्हे. एका निनावी ईमेलवरून आयोगाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं होतं. आयोगाला आढळलं ते असं: कंपनीचं 'डिस्काउंट कंट्रोल' धोरण होतं, आणि डीलरला जास्तीची सवलत द्यायची तर आधी परवानगी लागायची. पाळत ठेवायला एजन्सी नेमल्या होत्या. त्यांची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायची, सवलत मागायची आणि बोलणं रेकॉर्ड करायची. मग डीलरला पुराव्यासह ईमेल जायचा, खुलासा मागवला जायचा आणि पटला नाही तर दंड व्हायचा. दंड डीलरशिपलाच नव्हे, तर सेल्स एक्झिक्युटिव्हपासून शोरूम मॅनेजरपर्यंतच्या माणसांनाही व्हायचा, आणि दंडाची रक्कम कुठे भरायची हेही कंपनीच सांगायची.

कंपनीचा बचाव तुम्ही नीट समजून घ्या, कारण तुमची कंपनीही हेच म्हणेल. बचाव असा होता की हे धोरण डीलरांनी आपसात ठरवलेलं आहे, आम्ही फक्त त्यांच्या वतीने एजन्सी नेमली, आणि डीलरशिपच्या करारात तर सवलतीचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. आयोगाने करारातल्या कलमापेक्षा प्रत्यक्ष ईमेल बघितले आणि बचाव फेटाळला. म्हणजे तुमच्या छापील करारात किमतीबद्दल एक शब्द नसला तरी बिघडत नाही. डेबिट नोटवर लिहिलेलं कारण, एरिया मॅनेजरचा व्हॉट्सॲप मेसेज, रोखून ठेवलेली क्रेडिट नोट, यातूनच करार उभा राहतो.

म्हणूनच तुम्हाला माझा पहिला प्रश्न हा असेल: डिस्काउंटची मर्यादा ठरवली कोणी? ती डीलर असोसिएशनच्या बैठकीत ठरली असेल आणि कंपनी फक्त ती राबवत असेल, तर चित्र उलटं होतं. एकाच पातळीवरच्या विक्रेत्यांनी आपसात भाव ठरवणं हे कलम ३(३) मध्ये येतं. तिथे स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम झाला असं गृहीत धरलं जातं, आणि तसं झालं नाही हे दाखवण्याची जबाबदारी भाव ठरवणाऱ्यांवर येते. त्या बैठकीत तुम्हीही असाल तर तुम्ही तक्रारदार राहणार नाही, आरोपींच्या रांगेत जाल. मग तुमचा रस्ता कलम ४६ खाली आधी पुढे येऊन माहिती देऊन दंडात सूट मागण्याचा आहे, आणि तो वेगळ्या सल्ल्याचा विषय आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशा कार्टेलमध्ये सहभागी होणारी, पण त्या धंद्यात नसलेली कंपनीही त्यात ओढली जाते.

मर्यादा कंपनीनेच लादली असेल तर मामला ३(४) चा. मात्र इथे परिणाम गृहीत धरला जात नाही, तो दाखवावा लागतो. कलम १९(३) च्या कसोट्या लागतात: नव्या उत्पादकाची वाट अडली का, असलेला स्पर्धक बाहेर फेकला गेला का, आणि दुसऱ्या बाजूला ग्राहकाचा काही फायदा झाला का, वितरण सुधारलं का. कंपनीचा हिस्सा अगदी नगण्य असेल तर कलम ३ मध्येसुद्धा हात रिकामे राहू शकतात. पण त्यासाठी प्रभुत्वाची गरज नाही, बाजारात बऱ्यापैकी वजन असलं तरी पुरतं. हा फरक तुमच्यासाठी निर्णायक आहे. पुरावा कच्चा असेल तर मात्र आयोगाचा आदेशही टिकत नाही. ह्युंदाईला २०१७ मध्ये अशाच सवलत-नियंत्रणासाठी ८७ कोटींचा दंड झाला होता, तो एनसीएलएटी या अपील न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये रद्द केला.

दुसऱ्या ब्रँडच्या मनाईचा मुद्दा याच अर्जात ३(४) खाली जोडा. तो एकट्याने कमजोर असतो, कारण कंपनी म्हणेल की आम्ही डीलरला प्रशिक्षण दिलं, डिस्प्लेवर पैसे घातले, त्याचा फायदा प्रतिस्पर्ध्याने का घ्यावा? पण त्या भागातले बहुतेक चांगले डीलर असेच बांधून ठेवलेले असतील, तर नव्या ब्रँडला दुकानच मिळत नाही. ते दाखवता आलं तर मुद्द्यात जीव येतो. म्हणून नुसतं स्वतःचं सांगू नका, तालुक्यातल्या बाकीच्या डीलरांची स्थितीही मांडा.

मग कलम ४ कधी? बाजारपेठ प्रामाणिकपणे लहान आखता येते तेव्हा. मोटारींच्या सुट्या भागांचं प्रकरण त्यासाठी वाचण्यासारखं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कारउत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला. नवी कार विकताना या सगळ्या कंपन्या एकमेकींशी झगडत होत्या. पण कार घेतल्यावर मालक त्या ब्रँडच्या सुट्या भागांना बांधला जातो, कारण एका कंपनीचा भाग दुसरीच्या गाडीत बसत नाही. म्हणून आयोगाने प्रत्येक ब्रँडच्या सुट्या भागांची बाजारपेठ वेगळी धरली, आणि तिथे कारच्या विक्रीत छोटी असलेली कंपनीही प्रभुत्वात निघाली. सुट्या भागांच्या पुरवठादारांना खुल्या बाजारात विकायला मनाई करणारे करार कलम ३(४) मध्ये धरले गेले. बाहेरच्या गॅरेजना भाग आणि तपासणीची उपकरणं न देणं, आणि भागांची अवाजवी किंमत लावणं, हे कलम ४ मध्ये गेलं. एकाच व्यवहारातून दोन्ही कलमं उभी राहिली, कारण करारही होते आणि प्रभुत्वही होतं.

तुमच्या पंपाचा कंट्रोल पॅनेल किंवा एखादा भाग फक्त तीच कंपनी देत असेल आणि तक्रार त्याच्या पुरवठ्याबद्दल असेल, तर कलम ४ चा विचार करता येईल. नव्या पंपांच्या सवलतीसाठी ती बाजारपेठ उपयोगाची नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये शॉट ग्लासच्या प्रकरणात सांगितलं की कलम ४ मध्येही स्पर्धेवरचा परिणाम तपासावाच लागतो. त्यामुळे "३ मध्ये परिणाम सिद्ध करायची कटकट, ४ मध्ये नाही" हा जुना हिशेब आता बाद झाला. ओढूनताणून आखलेली बाजारपेठ अर्जात आली की चांगल्या मुद्द्यावरचं लक्षही उडतं, आणि प्रथमदर्शनी काही दिसलं नाही तर आयोग कलम २६(२) खाली प्रकरण तिथेच बंद करतो.

पुरवठा बंद होण्याच्या भीतीबद्दल. अर्ज कलम १९ खाली 'माहिती' म्हणून जातो आणि तुमची ओळख गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते, पण पुराव्यात तुमच्याच डेबिट नोटा असतील तर कंपनी ओळखेलच, हे गृहीत धरा. कलम ३३ खाली अंतरिम आदेश मागता येतो, मात्र आयोग तो सढळ हाताने देत नाही. आयोगाने महासंचालकांकडे तपास सोपवला, तर त्यानंतर कंपनी कलम ४८ब खाली वागणूक सुधारण्याची हमी देऊन प्रकरण मिटवू शकते. ही सोय ३(४) आणि कलम ४ च्या प्रकरणांत आहे, कार्टेलमध्ये नाही. तुम्हाला धंदा चालू ठेवायचा असेल तर अशी हमी दंडापेक्षा जास्त कामाची ठरू शकते. तुमच्या कापलेल्या पैशांची भरपाई आयोग देत नाही, त्यासाठी नंतर एनसीएलएटीपुढे वेगळा अर्ज करावा लागतो.

आणि तारखा तपासा. २०२३ च्या दुरुस्तीने तीन वर्षांची मुदत आली आहे, आणि उशिराला सबळ कारण असल्याशिवाय जुनी माहिती घेतली जात नाही. पहिली डेबिट नोट कधीची आहे, ती कोणाच्या सहीने आली आणि तिच्यावर कारण काय लिहिलं आहे, एवढं इथे कंपनीचं नाव न टाकता लिहा. मग अर्जाचे मुद्दे कसे मांडायचे ते सांगतो.